त्रिकोणी व्होल्टेज, चौकोनी करंट

पदविकेच्या किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला एक प्रश्न हमखास भेटतो. कपॅसिटरला त्रिकोणी आकाराचं व्होल्टेज दिलं आहे. ते सरळ रेषेत चढतं, टोकाला पोचतं आणि सरळ रेषेतच उतरतं. कपॅसिटरमधून जाणाऱ्या करंटचा आलेख काढा. बऱ्याच वह्यांमध्ये उत्तर म्हणून पुन्हा एक त्रिकोणच उमटतो. व्होल्टेज शून्य तिथे करंट शून्य, व्होल्टेज टोकाला तिथे करंटही टोकाला. काही जण हा त्रिकोण थोडा डावीकडे सरकवतात, कारण ‘कपॅसिटरमध्ये करंट पुढे असतो’ हे वाक्य त्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं.

खरं उत्तर चौकोनी आहे. व्होल्टेज चढत असताना करंट एका ठरावीक उंचीवर सपाट राहतो. व्होल्टेज टोकावरून वळलं, की तो एका झटक्यात शून्याच्या खाली जातो आणि तिथेही सपाटच राहतो. पाठ करून हे उत्तर लक्षात राहत नाही, कारण ते आपल्या मनातल्या एका जुन्या सवयीला छेद देतं. ती सवय रेझिस्टरने लावलेली असते.

उंची नव्हे, चढ

रेझिस्टरला जेवढं व्होल्टेज द्याल तेवढ्या प्रमाणात करंट मिळतो. हाच ओहमचा नियम. शाळेपासून तो इतका अंगवळणी पडलेला असतो, की व्होल्टेज जास्त म्हणजे करंट जास्त हे आपण विजेचंच लक्षण मानून चालतो. प्रत्यक्षात ते फक्त रेझिस्टरचं लक्षण आहे.

कपॅसिटरची रचना वेगळी असते. दोन धातूचे पत्रे समोरासमोर, आणि मध्ये वीज न वाहू देणारा पातळ थर. हा थर सिरॅमिकचा असेल, प्लॅस्टिकच्या फिल्मचा असेल किंवा आणखी कशाचा, पण त्याच्या आरपार इलेक्ट्रॉन जात नाहीत. व्होल्टेज लावलं की एका पत्र्यावर धन विद्युतभार जमतो, दुसऱ्यावर तेवढाच ऋण. किती जमतो ते व्होल्टेजवर ठरतं. व्होल्टेज दुप्पट, तर साठलेला भारही दुप्पट. हे प्रमाण म्हणजेच कपॅसिटन्स, म्हणजे दर व्होल्टमागे किती भार साठतो त्याचं माप. एका व्होल्टला एक कूलोम भार साठवणारा कपॅसिटर एक फॅरडचा. मायकेल फॅरडेच्या नावावरून आलेलं हे एकक रोजच्या वापराला फार मोठं पडतं. घरातल्या छताच्या पंख्याचा कपॅसिटर साधारण अडीच मायक्रोफॅरडचा असतो, म्हणजे फॅरडच्या दशलक्षांश भागांत मोजण्याजोगा.

आता करंट कुठून येतो ते पाहू. मधला थर तर काही जाऊ देत नाही. पण पत्र्यांवरचा भार वाढायचा असेल, तर तो तारेतूनच आला पाहिजे, आणि कमी व्हायचा असेल तर तारेतूनच गेला पाहिजे. तारेतली ही ये-जा म्हणजे कपॅसिटरचा करंट. भार व्होल्टेजच्या प्रमाणात असल्यामुळे, व्होल्टेज स्थिर राहिलं तर भारही स्थिर राहतो आणि तारेतून काहीच जात नाही. व्होल्टेज बदललं तरच करंट. ते जितक्या वेगाने बदलेल तितका करंट मोठा. गणिताच्या भाषेत:

```
i = C × dv/dt
```

यातला `dv/dt` म्हणजे व्होल्टेज बदलण्याचा दर, व्होल्ट प्रति सेकंद. आलेखावर तो दिसतो रेषेच्या चढाच्या रूपात. `C` हा कपॅसिटन्स. सूत्रात `v` स्वतंत्रपणे कुठेच नाही, आणि सगळा गोंधळ इथे सुटतो. व्होल्टेज किती आहे याच्याशी करंटला कर्तव्य नाही, ते कसं बदलतंय एवढंच त्याला कळतं.

वाईहून पसरणीचा घाट चढताना गाडीचं इंजिन ज्या ताकदीने ओढतं, ती ताकद रस्त्याच्या चढावर ठरते. गाडी समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे हे इंजिनाला ठाऊक नसतं. पाचगणीच्या पठारावर गाडी घाटाच्या पायथ्यापेक्षा कितीतरी उंच असते, तरी सपाटीवर इंजिनावर चढाचा भार नसतो. आलेखातलं व्होल्टेज ही उंची आणि करंट हा चढ, एवढं ध्यानात ठेवलं तर पुढचं काम सोपं होतं.

कागदावर एक उदाहरण

मुद्दाम जरा वाकडा त्रिकोण घेऊ, म्हणजे दोन्ही बाजूंचे चढ वेगवेगळे येतील. कपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा. व्होल्टेज शून्यापासून सुरू होऊन ४ मिलिसेकंदांत सरळ रेषेत १२ व्होल्टपर्यंत चढतं, पुढच्या २ मिलिसेकंदांत सरळ रेषेत शून्यावर उतरतं, आणि लगेच तेच पुन्हा सुरू होतं. एक फेरी ६ मिलिसेकंदांची.

पहिलं काम: आलेखाचे असे तुकडे पाडायचे की प्रत्येक तुकड्यात रेषा सरळ असेल. इथे दोनच तुकडे आहेत, चढतीचा आणि उतरतीचा. जिथे रेषेची दिशा बदलते त्या प्रत्येक क्षणी खाली, करंटच्या आलेखासाठी मोकळ्या ठेवलेल्या जागेत, एक उभी तुटक रेघ ओढायची. ही रेघ ओढायचा कंटाळा केला, की दोन्ही आलेखांच्या वेळा जुळत नाहीत आणि पुढचं सगळं बिघडतं.

दुसरं काम: प्रत्येक तुकड्याचा चढ काढायचा. चढतीत १२ व्होल्टचा बदल ४ मिलिसेकंदांत होतो. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. म्हणून हा दर ३,००० व्होल्ट प्रति सेकंद होतो. आकडा पाहून दचकायचं कारण नाही. व्होल्टेज कुठेही तीन हजारांवर जात नाही, एवढ्या वेगाने ते फक्त चार मिलिसेकंद चढतं. उतरतीत तेवढेच १२ व्होल्ट निम्म्या वेळात उतरतात, त्यामुळे दर दुप्पट होतो आणि चिन्ह उलटतं: उणे ६,००० व्होल्ट प्रति सेकंद.

तिसरं काम गुणाकाराचं. १ मायक्रोफॅरडला ३,००० ने गुणलं की ३ मिलिअँपिअर, आणि उणे ६,००० ने गुणलं की उणे ६ मिलिअँपिअर. पहिल्या चार मिलिसेकंदांत शून्याच्या वर ३ मिलिअँपिअरवर एक आडवी रेघ, पुढच्या दोन मिलिसेकंदांत शून्याच्या खाली ६ मिलिअँपिअरवर दुसरी आडवी रेघ, आणि वळणाच्या क्षणी दोघींना जोडणारी उभी उडी. झाला आलेख. वरचा चौकोन लांब आणि बुटका, खालचा आखूड आणि खोल.

मधल्या एखाद्या क्षणाची चौकशी केली तर उत्तर आणखी पक्कं होतं. दुसऱ्या मिलिसेकंदाला व्होल्टेज ६ व्होल्ट असतं, तिसऱ्याला ९. दोन्ही वेळी करंट ३ मिलिअँपिअरच, कारण चढ तोच आहे. फेरीच्या अगदी सुरुवातीला व्होल्टेज जेमतेम शून्याच्या वर असतं, पण करंट तेव्हाही पूर्ण ३ मिलिअँपिअर असतो. आणि याच त्रिकोणाला १०० व्होल्टचा स्थिर पाया दिला, म्हणजे शून्य ते १२ ऐवजी तो १०० ते ११२ व्होल्टमध्ये वर-खाली होऊ लागला, तरी चालू असलेल्या फेऱ्यांमधला करंटचा आलेख केसभरही हलत नाही. चढ तेच, म्हणून करंट तोच. इलेक्ट्रॉनिक सर्किटांमध्ये स्थिर व्होल्टेज अडवून फक्त बदलतं व्होल्टेज पुढे पाठवायला कपॅसिटर लावतात, ते याच गुणामुळे.

उत्तर बरोबर आहे का, हे कसं कळतं

काढलेला आलेख तपासायची एक भरवशाची रीत आहे, आणि तिला पुस्तकातलं उत्तर लागत नाही. करंटच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ मोजायचं. करंट म्हणजे दर सेकंदाला जाणारा भार, म्हणून करंट गुणिले वेळ म्हणजे एकूण गेलेला भार.

वरच्या चौकोनाचं क्षेत्रफळ: ३ मिलिअँपिअर गुणिले ४ मिलिसेकंद, म्हणजे १२ मायक्रोकूलोम. खालच्याचं: ६ मिलिअँपिअर गुणिले २ मिलिसेकंद, तेही १२ मायक्रोकूलोम, फक्त उलट दिशेने. चढतीत जेवढा भार पत्र्यांवर आला तेवढाच उतरतीत परत गेला. व्होल्टेज जिथून निघालं तिथेच परत येत असल्यामुळे हा हिशेब जुळायलाच हवा. तो जुळला नाही, तर कुठेतरी चढ चुकला आहे किंवा वेळ चुकीची वाचली आहे. दुसऱ्या बाजूनेही पडताळा घेता येतो: १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर १२ व्होल्ट असताना किती भार असतो? १२ मायक्रोकूलोम. वरच्या चौकोनाने नेमका तेवढाच दिला.

टोकावरच्या त्या उभ्या उडीबद्दल मात्र अनेकांच्या मनात शंका राहते. त्रिकोणाच्या टोकावर व्होल्टेज वाढत नाही की घटत नाही, मग तिथे करंट शून्य नको का? टोक गोलसर असतं तर हे बरोबर ठरलं असतं. पंख्याच्या कपॅसिटरला मिळणारं घरगुती विजेचं व्होल्टेज लाटेसारखं गोलाईने वळतं. तिथे माथ्याजवळ चढ हळूहळू कमी होत शून्यावर येतो आणि करंटही हळूहळू शून्यातून जातो. आदर्श त्रिकोणाला मात्र माथा सपाट होण्याची उसंतच नसते. टोकाच्या डावीकडे चढ पूर्ण असतो, उजवीकडे उतार पूर्ण असतो. त्या नेमक्या क्षणाचा चढ किती, या प्रश्नाला उत्तर नाही. म्हणून आलेखात तिथे करंटची एकच एक किंमत न दाखवता उभी रेघ ओढतात.

करंटने अशी उडी मारायला निसर्गाची हरकत नाही, पण कपॅसिटरवरच्या व्होल्टेजने मारायला आहे. १ मायक्रोफॅरडवरचं व्होल्टेज एका मायक्रोसेकंदात ५ व्होल्टने वाढवायचं म्हटलं तर सूत्र ५ अँपिअर करंट मागतं. तोच बदल शून्य वेळात हवा असेल तर करंट अनंत लागेल. म्हणून व्होल्टेजचा आलेख कधीही तुटत नाही आणि करंटचा तुटू शकतो. परीक्षेतल्या कुठल्याही आकृतीत कपॅसिटरचं व्होल्टेज उभ्या रेघेत उडी मारताना दिसलं, तर तिथे करंटचा एक अतिशय अरुंद आणि अतिशय उंच झटका काढावा लागतो. प्रत्यक्ष सर्किटात तेव्हा तारांचा आणि स्रोताचा रेझिस्टन्सच त्या झटक्याला आवर घालतो.

टेबलावर बसून पाहताना

कागदावरचा चौकोन प्रत्यक्षात पाहायला फार सामान लागत नाही. फंक्शन जनरेटर, दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप, एक कपॅसिटर आणि एक छोटा रेझिस्टर पुरतात. जनरेटरवर त्रिकोणी तरंग निवडायचा, वारंवारता १ किलोहर्ट्झ, आणि तळापासून माथ्यापर्यंत १० व्होल्ट, म्हणजे उणे ५ ते अधिक ५. कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचा. त्याच्या अंगावर बहुधा १०४ असा आकडा छापलेला असतो. १० च्या पुढे चार शून्यं, म्हणजे एक लाख पिकोफॅरड, असा तो वाचायचा.

ऑसिलोस्कोप व्होल्टेज दाखवतो, करंट नाही. म्हणून कपॅसिटरच्या मागोमाग एकाच मार्गात १०० ओहमचा रेझिस्टर जोडतात. दोघांतून जाणारा करंट एकच असतो, आणि रेझिस्टरवरचं व्होल्टेज त्या करंटच्या प्रमाणात असतं. रेझिस्टर इथे करंटची मोजपट्टी होतो. तो जमिनीच्या बाजूला, म्हणजे जनरेटरच्या ग्राउंडला लागूनच असला पाहिजे. ऑसिलोस्कोपच्या प्रोबचा ग्राउंडचा चिमटा आणि जनरेटरचा ग्राउंड सहसा अर्थिंगमधून एकच झालेले असतात. रेझिस्टर वरच्या बाजूला ठेवून त्याच्या दोन टोकांमध्ये प्रोब लावला, तर ग्राउंडचा चिमटा नेमका कपॅसिटरच्या वरच्या टोकाला लागतो आणि कपॅसिटर शॉर्ट होतो. मग पडद्यावर चौकोनाऐवजी त्रिकोण दिसतो, आणि नवख्याला वाटतं सूत्रच चुकलं.

आता पडद्यावर काय दिसायला हवं त्याचा आधीच हिशेब करू. १ किलोहर्ट्झ म्हणजे एक फेरी एका मिलिसेकंदाची, म्हणून चढती अर्ध्या मिलिसेकंदाची. १० व्होल्ट अर्ध्या मिलिसेकंदात म्हणजे २०,००० व्होल्ट प्रति सेकंद. गुणिले ०.१ मायक्रोफॅरड, म्हणजे २ मिलिअँपिअर. १०० ओहमवर त्याचे २०० मिलिव्होल्ट होतात. दुसऱ्या चॅनेलवर अधिक २०० आणि उणे २०० मिलिव्होल्टमध्ये उड्या मारणारा चौकोनी तरंग दिसला, की जोडणी बरोबर.

वारंवारता दुप्पट केली की त्रिकोण दुप्पट तीव्र चढतो आणि चौकोनाची उंची ४०० मिलिव्होल्टच्या आसपास जाते. व्होल्टेज निम्मं केलं की चौकोन निम्मा होतो. जनरेटरवरच्या ऑफसेटच्या बटणाने सगळा त्रिकोण वर उचलला, तर पहिल्या चॅनेलवरचा तरंग वर सरकतो. दुसऱ्या चॅनेलवरचा चौकोन बटण फिरवताना किंचित हलतो आणि फिरवणं थांबलं की जागच्या जागी परततो. सूत्रातल्या `v` च्या गैरहजेरीचा हा डोळ्यांदेखतचा पुरावा.

चौकोन बिघडतो तेव्हा

प्रत्यक्षातला चौकोन कधीच पुस्तकासारखा धारदार नसतो. त्याच्या बिघडण्याच्या तऱ्हा ठरलेल्या आहेत, आणि प्रत्येकीचं कारण वेगळं आहे.

पहिली तऱ्हा म्हणजे गोलसर कोपरे. वर जोडलेल्या १०० ओहममध्ये जनरेटरच्या पोटातले ५० ओहम मिळवा. या १५० ओहममधून कपॅसिटरला भार घ्यावा लागतो, म्हणून त्याचं व्होल्टेज जनरेटरच्या त्रिकोणाच्या थोडं मागे राहतं. किती मागे, ते रेझिस्टन्स आणि कपॅसिटन्सच्या गुणाकाराने कळतं: १५० गुणिले ०.१ मायक्रोफॅरड, म्हणजे १५ मायक्रोसेकंद. त्रिकोण वळल्यावर करंट एकदम उडी न मारता वळण घेत नव्या पातळीकडे जातो आणि साधारण पाचपट वेळात, म्हणजे ७५ मायक्रोसेकंदांत, तिथे जवळजवळ पोचतो. चढती ५०० मायक्रोसेकंदांची असल्यामुळे उरलेला भाग सपाट दिसतो आणि आपली मोजणी खरी ठरते.

मोठा सिग्नल दिसावा म्हणून कोणी १०० ओहमऐवजी १० किलोओहम जोडला, तर हीच वेळ एक मिलिसेकंदावर जाते. ती चढतीच्या वेळेपेक्षाही जास्त आहे. कपॅसिटरला मग त्रिकोणाच्या मागे धावायला फुरसतच मिळत नाही, बहुतेक सगळं व्होल्टेज रेझिस्टरवरच पडतं आणि पडद्यावर चौकोनाऐवजी जवळजवळ त्रिकोण दिसतो. मोजपट्टीनेच माप बिघडवलं. रेझिस्टर लहान का हवा, त्याचं हे उत्तर आहे.

दुसरी तऱ्हा, कललेला माथा. चौकोनाचा माथा सपाट असण्याऐवजी डावीकडून उजवीकडे चढत गेलेला दिसतो. कपॅसिटरच्या जोडीने कुठूनतरी गळती होत असल्याची ही खूण आहे. मधला थर खराब झाला असेल, किंवा बोर्डवर दोन टोकांमध्ये ओलावा किंवा मळ असेल. समजा गळतीचा मार्ग १० किलोओहमचा आहे. त्यातून जाणारा करंट ओहमच्या नियमाने व्होल्टेजच्या मागे जातो: उणे ५ व्होल्टला उणे अर्धा मिलिअँपिअर, अधिक ५ ला अधिक अर्धा. तो मूळच्या २ मिलिअँपिअरमध्ये मिसळला, की माथा दीडपासून सुरू होऊन अडीचपर्यंत चढतो. उतरतीत तेच उलट्या बाजूला घडतं, उणे दीडपासून उणे अडीचपर्यंत. ‘करंट उंचीवर ठरतो’ आणि ‘करंट चढावर ठरतो’ हे दोन्ही नियम इथे एकाच चित्रात एकावर एक बसलेले दिसतात. चौकोन कपॅसिटरचा, त्याच्यावर चढलेला तिरकेपणा रेझिस्टन्सचा.

तिसरी तऱ्हा, फुगीर माथा. माथा मध्यभागी थोडा वर आणि दोन्ही टोकांकडे खाली. आपण गुणाकार करताना `C` हा कायमचा एकच आकडा धरला होता. जास्त साठवण देणाऱ्या काही सिरॅमिक प्रकारांत तो तसा राहत नाही. व्होल्टेज वाढलं की कपॅसिटन्स कमी होतो. अगदी छोट्या आकाराच्या आणि कमी व्होल्टेजसाठी बनवलेल्या कपॅसिटरमध्ये हे ठळक दिसतं. त्रिकोण शून्य व्होल्टमधून जात असताना कपॅसिटन्स सर्वांत जास्त, म्हणून करंट तिथे सर्वांत मोठा. त्याच जागी तेवढ्याच मायक्रोफॅरडचा प्लॅस्टिक फिल्मचा कपॅसिटर लावून पाहिला की माथा पुन्हा सपाट होतो. दोन्हींवर छापलेला आकडा एकच असला तरी पडदा त्यांच्यातला फरक दाखवून देतो.

उलट्या बाजूने वाचलेलं चित्र

इथपर्यंत आपण कपॅसिटन्स ठाऊक धरला आणि करंट काढला. प्रयोगशाळांमध्ये या सूत्राचा मोठा वापर उलट दिशेने होतो. चढ आपण ठरवायचा, करंट मोजायचा आणि भागाकाराने कपॅसिटन्स काढायचा. त्यासाठी त्रिकोणाइतका सोयीचा आकार दुसरा नाही. लाटेसारख्या व्होल्टेजचा चढ क्षणोक्षणी बदलतो. त्रिकोणाचा चढ संपूर्ण बाजूभर एकच असतो, म्हणून करंटची उंची ही थेट कपॅसिटन्सची उंची होते.

सुपरकपॅसिटरवर काम करणारे संशोधक हेच करतात. बॅटरी आणि साध्या कपॅसिटरच्या मधलं म्हणता येईल असं हे साठवणीचं साधन. त्याला शून्य ते १ व्होल्टमध्ये अगदी सावकाश वर-खाली होणारं त्रिकोणी व्होल्टेज देतात, समजा सेकंदाला ५० मिलिव्होल्ट या चढाने, म्हणजे वर जायला २० सेकंद आणि खाली यायला २०. करंट १०० मिलिअँपिअर मिळाला, तर भागाकार सांगतो की कपॅसिटन्स २ फॅरड आहे. या पद्धतीला सायक्लिक व्होल्टॅमेट्री म्हणतात. तिचा आलेख वेळेच्या अक्षावर न काढता व्होल्टेजच्या अक्षावर काढतात. त्यामुळे चढतीची रेघ वर, उतरतीची खाली, आणि दोन्ही मिळून एक बंद आयत तयार होतो. आयताचे कोपरे गोल झाले तर आतला रेझिस्टन्स जास्त आहे, आयत तिरका झाला तर गळतीचा संशय घ्यायचा. टेबलावर आपण वाचलेल्याच खुणा. आयतावर एखादा उंचवटा उठलेला दिसला तर ती नवी बातमी असते. त्या व्होल्टेजला पृष्ठभागावर एखादी रासायनिक अभिक्रिया होते आहे आणि तिचा करंट साध्या साठवणीच्या करंटमध्ये मिसळतो आहे.

दुसरा वापर सजीव पेशींवर होतो. पेशीभोवतीचा पडदा काही नॅनोमीटर जाडीचा, स्निग्ध पदार्थांचा आणि वीज अडवणारा असतो. आत आणि बाहेर क्षारांचं पाणी, जे वीज वाहून नेतं. म्हणजे पेशीचा पडदा हाच एक कपॅसिटर. त्याचा कपॅसिटन्स दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ मायक्रोफॅरड असतो. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सले यांनी १९५२ मध्ये माखुळाच्या मज्जातंतूवर मांडलेल्या प्रसिद्ध गणितात हाच आकडा घेतला होता, आणि त्यांच्या समीकरणातला पहिला करंट हा नेमका कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा दर असाच लिहिलेला होता.

आज काचेच्या बारीक नळीतून एकाच पेशीला वीज जोडता येते. तिला १० मिलिसेकंदांत १०० मिलिव्होल्ट चढणारा आणि तेवढ्याच वेळात उतरणारा त्रिकोण दिला, की चढ १० व्होल्ट प्रति सेकंद होतो. करंट अधिक-उणे २०० पिकोअँपिअर मिळाला, तर पेशीचा कपॅसिटन्स २० पिकोफॅरड. दर चौरस सेंटिमीटरच्या आकड्याने भागलं, की पडद्याचं क्षेत्रफळ निघतं, सुमारे २,००० चौरस मायक्रोमीटर. कुठलीही पट्टी न लावता पेशीची त्वचा मोजून झाली. चौकोनाचा माथा कललेला असेल, तर पडद्यातली छिद्रं उघडी आहेत किंवा काचेची नळी नीट चिकटलेली नाही. कोपरे फारच गोल असतील, तर नळीचं तोंड अर्धवट बुजलेलं आहे. आणि पेशीने आपल्या आतल्या सूक्ष्म पिशव्या बाहेरच्या पडद्याला जोडून त्यांतलं रसायन बाहेर टाकलं, तर पडद्याचं क्षेत्रफळ तेवढं वाढतं. चढ तोच ठेवला असेल, तर चौकोन तेवढ्याच प्रमाणात उंच होतो, आणि ती वाढ मोजून किती पडदा नव्याने जोडला गेला ते काढता येतं.